अकराची गोळी आणि साडेबाराचं जेवण

समजा, नागपुरात प्रतापनगरला राहणारे एक काका आहेत. सत्तरीला टेकलेले, कंपवात होऊन दहा वर्षं झालेली. सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ अशी सिंडोपा प्लसची एकेक गोळी ते घेतात. घरच्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आहे. एकादशीला काका दिवसभर ठीक असतात. रविवारी, पाटवडी-रस्सा होतो त्या दिवशी, दुपारी दोनला त्यांना खुर्चीतून उठता येत नाही. गोळी तीच, वेळा त्याच. काकू याचं श्रेय विठोबाला देतात. ते त्यांनी खुशाल द्यावं, पण एकादशीच्या ताटाकडेही एकदा नीट बघावं: साबुदाण्याचे पापड, रताळ्याचा कीस, केळं. दाण्याचा कूट वगळला तर या ताटात प्रथिनं नावापुरतीच.

प्रथिनांचा आणि कंपवाताच्या गोळीचा काय संबंध, हे कळायला गोळीसोबत मेंदूपर्यंत जावं लागतं.

सिंडोपा प्लसच्या एका गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं. कंपवातात मेंदूच्या एका छोट्या भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. मग थेट डोपामिनच का देत नाहीत? कारण ते मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बाकीच्या शरीरात जशी फट सापडते तशी इथे सापडत नाही. यालाच रक्त-मेंदू अडसर म्हणतात. मेंदूला लागणारी साखर, अमिनो आम्लं वगैरे या पेशींच्या भिंतीत बसवलेली खास वाहक प्रथिनं पलीकडे नेतात. ज्याला वाहक नाही आणि जे चरबीत विरघळत नाही, ते बाहेरच राहतं.

लेव्होडोपाला वाहक आहे, आणि तो मुळात लेव्होडोपासाठी नाही. त्याचं नाव लॅट-१. तो मोठ्या आकाराची, विद्युतभार नसलेली अमिनो आम्लं नेतो: फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन आणि आणखी काही. लेव्होडोपा म्हणजे टायरोसिनलाच ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जादा जोडी लागलेला रेणू, त्यामुळे वाहक त्याला आपल्यातलाच समजून धरतो. धरताना तो रेणूचं अमिनो टोक आणि आम्लाचं टोक अशी दोन्ही टोकं ओळखतो. शरीर लेव्होडोपाचं डोपामिन करतं तेव्हा हे आम्लाचं टोकच काढून टाकतं. डोपामिन बाहेर का राहतं, याचं उत्तर तिथे आहे.

कार्बिडोपाचं कामही इथेच स्पष्ट होतं. ते हे टोक काढणाऱ्या विकराला रोखून धरतं, पण स्वतः अडसर ओलांडत नाही. म्हणून आतड्यात आणि रक्तात लेव्होडोपा टिकतं, आणि मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन व्हायला आडकाठी राहत नाही. कार्बिडोपा नसेल तर गिळलेल्यापैकी जेमतेम एक टक्का लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोचतं.

आता मुद्दा गर्दीचा. काहीही न खाल्लेल्या माणसाच्या रक्तातही ही मोठी अमिनो आम्लं असतातच, आणि लॅट-१ तेवढ्यानेच जवळजवळ भरलेला असतो. एका गोळीनंतर रक्तात लेव्होडोपाची पातळी सर्वांत जास्त असते तेव्हाही त्याच्या एका रेणूमागे या मंडळींचे कितीतरी रेणू असतात. संत्र्यांच्या हंगामात कळमना बाजाराच्या फाटकापाशी ट्रकची रांग लागावी आणि त्यात आपला एकच टेम्पो अडकावा, तशी ही अवस्था. रांगेत आणखी पन्नास ट्रक आले तर टेम्पोत काही बिघाड नसतानाही त्याला उशीर होतो.

हिशेब सरळ आहे. वाहक भरलेला असेल तेव्हा लेव्होडोपाच्या वाट्याला किती जागा येते, ते त्याच्या आणि बाकीच्यांच्या प्रमाणावर ठरतं. जेवणानंतर बाकीची आम्लं दीडपट झाली, तर रक्तातलं लेव्होडोपा तेवढंच असूनही मेंदूत शिरणारं प्रमाण साधारण दोन-तृतीयांशावर येतं. रक्त तपासलं तर औषध पुरेसं दिसेल, आणि माणूस मात्र खुर्चीत अडकलेला.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन नट आणि सहकाऱ्यांनी ते रुग्णांवर पाहिलं. त्यांचे नऊ रुग्ण दिवसातून अनेकदा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ होणारे, म्हणजे कधी हालते-चालते तर कधी जखडलेले, होते. आधी त्यांनी गोळी जेवणाबरोबर देऊन पाहिली. रक्तातली सर्वोच्च पातळी २९ टक्क्यांनी खाली आली आणि औषध शोषलं जायला ३४ मिनिटं उशीर झाला. पण हा दोष पोटाचा की पुढचा, हे त्यातून कळत नव्हतं. मग त्यांनी पोटाला वगळलंच. लेव्होडोपा शिरेतून संथ, एकसारखं सोडलं. नवांपैकी सहा जण तासन्‌तास स्थिर, हालते-चालते राहिले. अशा स्थितीत त्यांना भरपूर प्रथिनांचं जेवण दिलं, आणि औषधाचा परिणाम ओसरला. रक्तातली लेव्होडोपाची पातळी मात्र खाली आली नव्हती.

मला या प्रयोगात सर्वांत आवडतो तो पुढचा भाग. जेवणाऐवजी त्यांनी एकेक अमिनो आम्ल वजनाच्या प्रमाणात तोंडाने दिलं. फिनाइलअ‍ॅलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन यांनी औषधाचा परिणाम तसाच मोडून टाकला. तेवढ्याच मात्रेत दिलेल्या ग्लायसिन आणि लायसिननी काहीच केलं नाही. ग्लायसिन लहान आहे, लायसिनवर विद्युतभार आहे. दोघंही या वाहकाने जात नाहीत. अडचण अडसरावर आहे, हे इतक्या नेटकेपणाने क्वचितच दाखवता येतं.

आता काकांचा रविवार. अकराला गोळी, पावणेबाराला काका ‘ऑन’. साडेबाराला जेवण: पाटवडीत अंदाजे पन्नास ग्रॅम बेसन, म्हणजे ११ ग्रॅम प्रथिनं, एक वाटी वरण ६, दोन पोळ्या ६, वाटीभर दही ५. एकूण २८ ग्रॅम. त्यातलं साधारण एक-तृतीयांश या मोठ्या अमिनो आम्लांचं असतं, म्हणजे नऊ हजार मिलिग्रॅमच्या घरात. समोर गोळीतलं लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम. हे सगळं एकदम रक्तात येत नाही, बरंचसं वाटेत खर्ची पडतं. तरी दीड-दोनच्या सुमारास गर्दी वाढलेली असते आणि नेमकं तेव्हाच लेव्होडोपा उतरणीला लागलेलं असतं, कारण कार्बिडोपासोबतही दर दीड तासाने ते साधारण निम्मं होतं. एरवी अडीचपर्यंत पुरणारी गोळी दोनच्या आतच संपल्यासारखी वाटते. वाढलेली अमिनो आम्लं काही तास तशीच राहतात, म्हणून तीनची गोळीही लागू पडत नाही. घरी म्हणतात, काकांची दुपार वाईट जाते. खरं तर दुपारच्या दोन गोळ्यांवर एका जेवणाचं सावट असतं.

मग दहा वर्षांपूर्वी हेच जेवण का चालत होतं? तेव्हा शिल्लक असलेल्या पेशी आलेल्या लेव्होडोपाचं डोपामिन करून साठवत आणि हळूहळू सोडत. दोन तासांची तूट त्या भरून काढत. आता साठवायला पेशीच फारशा उरल्या नाहीत, त्यामुळे मेंदूत येणारं औषध ठरावीक पातळीच्या जरा खाली गेलं की माणूस थेट ‘ऑफ’ होतो. म्हणूनच नुकतंच निदान झालेल्याने डाळ-दूध सोडण्याचं काही कारण नाही. त्याचा फायदा तर नाहीच, स्नायू मात्र झिजतात.

प्रत्येक ‘ऑफ’ प्रथिनांच्या माथी मारणंही चूक. कंपवातात जठर संथ होतं, बद्धकोष्ठ असतं, आणि लेव्होडोपा जठरातून नव्हे, लहान आतड्याच्या वरच्या भागातून शोषलं जातं. जडान्नामागून घेतलेली गोळी जठरातच बसून राहते. ओळखायचं कसं? गोळी घेऊन दीड तास झाला तरी ‘ऑन’ होतच नसेल तर आधी पोटाचा संशय घ्यावा. गोळी वेळेत लागली, माणूस हिंडला-फिरला आणि जेवणानंतर तास-दीड तासाने अडकला, तर अडसराचा. दोन आठवडे वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ, ताटातले पदार्थ आणि अडकल्याची वेळ लिहावी. भात-भाजीच्या दिवशी अकराची गोळी अडीचपर्यंत पुरते आणि झुणका, उसळ किंवा तर्री-पोह्यांच्या दिवशी पुरत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर फारशी शंका उरत नाही. तर्रीतले चणे लोक हमखास विसरतात. पोहे हलके म्हणून नोंदवतात. ती वही न्यूरॉलॉजिस्टला दाखवावी.

उपायाची पहिली पायरी साधी: गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर. मळमळत असेल तर सोबत मुरमुरे किंवा केळं, दूध नको. इतक्यावर भागलं नाही तर प्रथिनं कमी करायची नाहीत, त्यांची वेळ हलवायची. १९८७ मध्ये जोनाथन पिंकस आणि कॅथरिन बॅरी यांनी दिवसा प्रथिनं जेमतेम ठेवून जवळपास सगळी रात्रीच्या जेवणात देण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे ती जशीच्या तशी जमत नाही, कारण दोन पोळ्यांतच सहा ग्रॅम निघतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ४८ ग्रॅम लागतात. काकांनी दुपारी भात, फळभाजी आणि आमटीचं वरचं पाणी घेऊन दहा ग्रॅमच्या आसपास राहावं. पाटवडी, वरण, दही रात्री आठला.

याचीही किंमत आहे. रात्री उशिरा काका जास्त जखडतील, कूस बदलायला आणि बाथरूमला जायला मदत लागेल. पडण्याचा धोका तिथेच असतो. दुपारी अडसरावरची गर्दी कमी झाल्याने तीच गोळी जास्त लागेल आणि अंग वेडंवाकडं हलायला लागेल. तसं झालं तर मात्रा कमी करावी लागते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. वजन दर महिन्याला बघायचं. घसरत असेल तर हा प्रयोग थांबवायचा.

एक पळवाट अनेकांना सुचते: खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण. त्यात खरोखर लेव्होडोपा असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते या बियांतून वेगळं काढलं होतं. पण रेणू तोच असल्यामुळे वाहकही तोच. आतड्यात नळीने लेव्होडोपाचं जेल सोडणारा पंप जठराची अडचण टाळतो, अडसरावरची नाही; पंप असलेल्यालाही जड प्रथिनांचं जेवण भोवू शकतं. रोपिनिरोल, प्रॅमिपेक्सोल किंवा त्वचेखाली टोचलं जाणारं अ‍ॅपोमॉर्फिन ही अमिनो आम्लं नाहीत, त्यांना लॅट-१ लागत नाही. जेवणानंतर अडकलेल्या माणसाला अ‍ॅपोमॉर्फिनचं इंजेक्शन काही मिनिटांत सोडवू शकतं, मग ताटात काहीही असो.