सिलिंडरमध्ये वायू आहे की द्रव?

विजेच्या पॅनेलजवळ टांगलेलं, काळ्या भोंग्याचं अग्निशामक नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते. पावडरच्या अग्निशामकावर दाबाचा काटा असतो, कार्बन डायऑक्साइडच्या या नळकांड्यावर तो बहुधा नसतो. असं का, याचं उत्तर त्या पदार्थाच्या अवस्था-आलेखात मिळतं.

आलेख वाचणं अवघड नाही. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब. दोन्ही आकडे घेऊन बिंदू मांडायचा आणि तो कोणत्या प्रदेशात पडतो ते पाहायचं. डावीकडे, म्हणजे थंडीत, स्थायू. उजवीकडे खाली वायू. दोहोंच्या मध्ये वरच्या बाजूला द्रव. बिंदू नेमका सीमारेषेवर पडला, तर दोन अवस्था एकत्र नांदतात.

आता नळकांडं घेऊ. खोलीत २५ अंश सेल्सिअस, आत सुमारे ६४ बार दाब. हा बिंदू द्रव आणि वायूच्या सीमारेषेवरच येतो. म्हणजे तळाशी द्रव, वर वायू. थोडा वायू गळाला की तेवढ्या द्रवाची वाफ होते आणि दाब पुन्हा ६४ वर येतो. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत हेच चालतं. काटा लावला असता तर निम्मं रिकामं झालेलं नळकांडंही त्याने भरलेलंच दाखवलं असतं.

ही सीमारेषा अमर्याद वाढत नाही. ३१ अंश आणि ७४ बारच्या आसपास ती संपते. त्या टोकाला क्रांतिक बिंदू म्हणतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत भरलेल्या नळकांड्यात द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. सगळा एकच दाट प्रवाही पदार्थ. तापमानासोबत त्याचा दाबही झपाट्याने चढतो, म्हणून झडपेत ठरावीक दाबाला फुटणारी सुरक्षा-चकती बसवलेली असते.

खटका दाबला की दाब कोसळतो. आलेखावर बिंदू सरळ खाली घसरतो आणि पदार्थ थंडही होत जातो, म्हणून डावीकडेही सरकतो. वाटेत त्रिक बिंदू लागतो : उणे ५६.६ अंश, ५.२ बार. इथे तिन्ही अवस्था एकत्र असतात, आणि याहून कमी दाबाला द्रवासाठी जागाच नाही. हवेचा दाब जेमतेम १ बार, त्यामुळे बाहेर पडलेल्या द्रवाचा काही भाग वायू होतो, उरलेल्याचा पांढरा बर्फ होतो. त्याचं तापमान उणे ७८ अंश. भोंगा उघड्या हाताने धरला तर कातडी गोठून इजा होते, ती याच थंडीमुळे. जमिनीवर पडलेला हा बर्फ न वितळता उडून जातो.

पाण्याचा त्रिक बिंदू मात्र हवेच्या दाबाच्या दीडशेव्या भागाहूनही खाली आहे. म्हणून आपल्याकडे बर्फाचं आधी पाणी होतं.

आलेख अवस्था सांगतो, माल किती उरला ते सांगत नाही. त्यामुळे हे नळकांडं तराजूवरच तपासतात. आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तर ते पुन्हा भरून घ्यावं लागतं.