पाण्याखालच्या फोटोत हिरवा-निळा पडलेला चेहरा

पोहण्याच्या तलावात पाण्याखाली काढलेल्या फोटोत फरशी छान निळी दिसते, पण माणसाचा चेहरा आजाऱ्यासारखा हिरवट-राखाडी येतो. दोष सहसा कॅमेऱ्याचा नसतो. पाणी प्रकाशातले सगळे रंग सारख्या प्रमाणात शोषत नाही. स्वच्छ पाण्यातही नारिंगी-तांबड्या प्रकाशाचा दर मीटरला सुमारे पाचवा हिस्सा नाहीसा होतो. निळ्याचा मात्र जेमतेम शंभरावा भाग जातो आणि हिरव्याचाही थोडाच. प्रकाशाला पाण्यातून कापावे लागणारे अंतरही खोलीपेक्षा जास्त असते. मुलगा पृष्ठभागापासून एक मीटर खाली असेल आणि कॅमेरा त्याच्यापासून दोन मीटरवर, तर चेहऱ्यावरून येणारा प्रकाश एकूण तीन मीटर पाण्यातून आलेला असतो. एवढ्यात त्यातला तांबडा जवळजवळ निम्मा होतो.

त्वचेला हा तोटा सर्वांत जास्त जाणवतो, कारण तिचा रंगच तांबड्यावर उभा असतो. त्वचेतले रक्त आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश अधिक शोषतात आणि तांबडा अधिक परतवतात. म्हणून वर्ण गोरा असो, गव्हाळ असो वा सावळा, साध्या उजेडातल्या फोटोत त्वचेच्या तीन आकड्यांचा क्रम एकच असतो: तांबडा सर्वांत मोठा, मग हिरवा, शेवटी निळा. पाण्याखाली हा क्रम मोडतो. रंग दुरुस्त करणे म्हणजे तो क्रम पुन्हा जागेवर आणणे.

त्यासाठी चित्रात मुळात पांढरी किंवा राखाडी असलेली एखादी वस्तू शोधावी लागते. पांढरी टोपी, लेनच्या दोरीवरचा पांढरा तरंगता मणी किंवा तलावाच्या कडेची पांढरी फरशी चालते. मात्र ती वस्तू चेहऱ्याइतकीच खोल आणि कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर असली पाहिजे. पाठीमागच्या दूरच्या भिंतीचा आधार घेतला, तर तिथून आलेला प्रकाश जास्त पाणी कापून आलेला असतो. तिच्या हिशेबाने केलेली दुरुस्ती चेहऱ्याला जास्त होते आणि तो गुलाबी पडतो.

फोटो रॉ फाइलमध्ये असेल तर काम सोपे असते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या पांढऱ्या वस्तूवर टेकवला की बहुतेक दुरुस्ती एका टिचकीत होते. उरलेली हिरवट झाक टिंटची पट्टी किरमिजीकडे सरकवून काढता येते. ड्रॉपर थेट त्वचेवर टेकवू नये, कारण मग सॉफ्टवेअर त्वचेलाच राखाडी समजते.

फोनने जेपेग फोटो काढला असेल तर हेच काम आकड्यांनी करता येते. एक उदाहरण पाहू. गव्हाळ वर्णाच्या मुलाच्या गालावर तांबडा १२०, हिरवा १४५ आणि निळा १२६ असे आकडे मिळाले. शेजारच्या पांढऱ्या फरशीवर तांबडा १३०, हिरवा २०५ आणि निळा २१५ आहेत. पांढऱ्या वस्तूवर तिन्ही आकडे सारखे हवेत. म्हणून हिरवा तसाच ठेवून तांबडा १३० वरून २०५ वर न्यायचा, म्हणजे सुमारे १.५८ पट करायचा, आणि निळा २१५ वरून २०५ वर उतरवायचा.

गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये Colors > Levels उघडून Red चॅनल निवडावे आणि इनपुटचे उजवे टोक २५५ वरून १६२ वर आणावे. मग Blue चॅनल निवडून आउटपुटचे उजवे टोक २४३ वर आणावे. आता फरशीवर तिन्ही आकडे २०५ च्या आसपास येतात. गालावर तांबडा १८९, हिरवा १४५ आणि निळा १२० दिसतात. त्वचेला हातही न लावता तिचा क्रम जागेवर आलेला असतो.

यानंतर काळे केस पाहावेत. पाण्यातले बारीक कण प्रकाश विखुरतात आणि चित्रावर निळसर धुके पसरवतात. गडद भागात ते लगेच कळते: केस काळे न दिसता निळे-राखाडी दिसतात. अशा वेळी आधी Green आणि Blue चॅनलमध्ये इनपुटचे डावे टोक थोडे उजवीकडे सरकवून केस काळे करावेत, आणि मग पांढऱ्याचे आकडे नव्याने मोजून वरची दुरुस्ती करावी. क्रम उलटा केला तर तांबड्याबरोबर धुकेही वाढते.

संपूर्ण चित्राला एकच दुरुस्ती लावण्याला मर्यादा आहे. कॅमेऱ्याकडे पुढे केलेल्या हातापुढे पाणी कमी असते, म्हणून चेहरा बरोबर झाला की हात जास्त तांबडा होतो. निळ्या तळावरून उसळलेला उजेड हनुवटीखाली आणि गळ्यावर पडतो, त्यामुळे कपाळ नीट झाले तरी तो भाग निळसर राहतो. डोके पाण्याबाहेर आणि धड आत असेल, तर पाण्यावरच्या भागाला ही दुरुस्ती मुळीच नको असते. अशा जागा मास्क करून वेगळ्या हाताळाव्या लागतात आणि मास्कची कड मऊ ठेवावी लागते. दुरुस्ती जास्त झाली आहे का, हे पांढरी फरशी, दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग सांगतात. ते गुलाबी दिसू लागले की थोडे मागे यावे.

मोठी अडचण येते ती तांबडा जवळजवळ संपलेला असतो तेव्हा. गालावर तांबडा १५ आणि हिरवा १२० असेल, तर तांबडा आठ-दहा पट करावा लागतो. त्याबरोबर सेन्सरचे रवाळ ठिपके आणि जेपेगचे चौकोनही तितकेच वाढतात, आणि चेहऱ्यावर तांबडे डाग उमटतात. तेव्हा Colors > Components > Channel Mixer मध्ये तांबड्याच्या ओळीत हिरव्याचा काही हिस्सा मिसळतात. चित्र गुळगुळीत होते, पण हा उसना तांबडा असतो. हिरव्या चॅनलमध्ये ओठ, तीळ आणि शिरा गडद असतात, म्हणून उसनवारी वाढली की ओठ काळपट आणि त्वचा खरखरीत दिसते. इतका रंग गेलेला फोटो कृष्णधवल केलेलाच बरा.

समुद्रात परिस्थिती आणखी वेगळी असते. तारकर्लीच्या किनाऱ्याजवळचे पाणी गाळ आणि सूक्ष्म वनस्पतींमुळे अनेकदा हिरवे असते. हे घटक निळाही शोषतात. तिथे निळा घटवून भागत नाही. टिंट किरमिजीकडे जास्त न्यावे लागते आणि धुकेही दाट असते.

म्हणून खरी बचत फोटो काढतानाच होते. ऊन डोक्यावर असताना, पृष्ठभागाजवळ आणि चेहऱ्यापासून एक मीटरच्या आत राहून फोटो काढला तर वाटेतले पाणीच कमी होते. जवळून मारलेला फ्लॅश गेलेला तांबडा परत आणतो. भिंगावरचा तांबडा फिल्टर मात्र तांबडा वाढवत नाही, तो निळा-हिरवा अडवून एकूण प्रकाश घटवतो. पहिल्या फोटोत पोहणाऱ्याच्या हाती चेहऱ्याशेजारी पांढरी प्लॅस्टिकची पाटी द्यावी. त्या पाटीवरून काढलेले आकडे त्याच जागी, तितक्याच अंतरावरून आणि त्याच उजेडात घेतलेल्या बाकीच्या फोटोंनाही लागू पडतात.