ब्रश दातांवर नव्हे, हिरडीच्या कडेवर चालवा

थंड पाणी पिताना डाव्या बाजूच्या वरच्या दातांतून कळ जाते, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दंतवैद्य अनेकदा आधी विचारतात, ‘तुम्ही उजव्या हातानं ब्रश करता का?’ मग आरसा देऊन डावा सुळा आणि त्याच्या शेजारच्या उपदाढा दाखवतात. हिरडी थोडी वर सरकलेली असते आणि तिच्या कडेशी दाताला पाचरीसारखी खाच पडलेली असते. नखाला ती खाच लागतेसुद्धा. तिथं कीड नसते. उजव्या हातात ब्रश धरला की डाव्या बाजूला मनगटाचा जोर सहज लागतो, आणि वर्षानुवर्षं तेवढाच भाग जास्त घासला जातो.

दाताच्या माथ्यावरचं इनॅमल जाड आणि फार कणखर असतं. हिरडीकडे येता येता ते पातळ होत जातं आणि मुळावर तर ते नसतंच. हिरडी सरकली की मुळाचा मऊ भाग उघडा पडतो, पेस्टमधली बारीक पूड आणि ब्रशचा जोर मिळून तो झिजवतात, आणि गार पाण्याची जाणीव थेट आतल्या शिरेपर्यंत पोहोचते. अशा खाचा पडण्यात आंबट पेयं आणि रात्री दात खाण्याची सवय यांचाही हात असू शकतो. पण जोरानं आडवं घासणं हे कारण आपल्या हातातलं आहे. सरकलेली हिरडी आपोआप परत खाली येत नाही, म्हणून ते वेळीच थांबवायला हवं.

जोर लावायची मुळात गरजच नसते. ब्रशनं काढायचा असतो तो जंतूंचा मऊ, चिकट थर, आणि तो हलक्या हातानं निघतो. तो तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत त्याचं किटण होतं. किटण मात्र कितीही घासलं तरी ब्रशनं निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. हा थर सगळ्यात जास्त साचतो तो दात आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद फटीशी. कडक केस त्या फटीत वाकून शिरत नाहीत, ते वरूनच हिरडीला ओरखडतात. म्हणून ‘सॉफ्ट’ ब्रश घ्यावा आणि त्याचं डोकं लहान असावं, म्हणजे शेवटच्या दाढेमागेही तो पोहोचतो.

आता पद्धत. चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरांच्या नावानं ती ओळखली जाते. ब्रशचे केस साधारण 45 अंशांत तिरके करून हिरडीच्या कडेला टेकवायचे, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर. मग केसांची टोकं जागेवरून न हलवता ब्रश पुढं-मागं अगदी थोडा थरथरवायचा, दहा-पंधरा वेळा. त्यानंतर ब्रश दाताच्या टोकाकडे फिरवून घ्यायचा आणि पुढच्या दोन-तीन दातांवर जायचं. पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरायचा. दाढांचा चावण्याचा भागच तेवढा सरळ घासायचा. ब्रश मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. सगळं मिळून दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि त्यातलं एकदा रात्री झोपण्यापूर्वी. लिंबू सरबत किंवा शीतपेय घेतलं असेल तर अर्धा तास थांबावं, कारण आम्लामुळे दाताचा पृष्ठभाग तात्पुरता मऊ झालेला असतो.

इलेक्ट्रिक ब्रश घ्यावा का? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशनं दातांवरचा थर सुमारे 21 टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे 11 टक्के कमी आढळली. फायदा खरा आहे, पण पद्धत नीट जमलेल्या माणसाचं साध्या ब्रशवरही उत्तम चालतं. संधिवातानं बोटं आखडलेल्यांना, ज्यांचे दात दुसऱ्या कुणाला घासून द्यावे लागतात त्यांना, आणि हाताचा जोर काही केल्या कमी होत नाही अशांना मात्र तो घेण्यासारखा आहे. जोर वाढला की दिवा लावून इशारा देणारा आणि दोन मिनिटं मोजणारा ब्रश निवडावा. तो साध्या ब्रशसारखा घासायचा नसतो. एकेका दातावर काही क्षण नुसता धरून पुढं सरकवायचा.

ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा, इलेक्ट्रिक ब्रशचं डोकंही. केस त्याआधीच फाकले तर लगेच बदलावा, कारण फाकलेले केस त्या फटीत शिरत नाहीत. महिनाभरात फाकले असतील, तर तुम्ही अजून जोरानं घासता आहात.

नव्या पद्धतीनं सुरुवात केल्यावर हिरडीतून थोडं रक्त दिसलं तर ती जागा टाळू नका. बहुधा ती सुजलेल्या हिरडीची खूण असते. हलक्या हातानं रोज तिथं ब्रश फिरवलात तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त येणं थांबतं. त्यानंतरही येत राहिलं, तर आत किटण साचलेलं असण्याची शक्यता असते आणि ते काम दंतवैद्याचं आहे.