पहिल्या रविवारचे डॉक्टर

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक डॉक्टर दांपत्य दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत तपासतं. त्याला वर्ष झालं. त्यांचं स्वागत आणि आभार माझ्याकडे आले. आधी ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ असं लिहिलं आणि खोडलं. ते कुठल्याही डॉक्टरांना लागू पडलं असतं. ‘डॉक्टर आणि सौ.’ हेही खोडलं, कारण दोघंही डॉक्टर आहेत. मग ते करतात काय, तेवढंच सांगायचं ठरवलं.

“मॅडम, तुम्ही जिना चढून आलेल्याला लगेच पट्टा बांधत नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवता. नुकताच चहा घेतला असेल, तर अर्धा तास थांबवता. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना आम्ही बोललो की गप्प करता, कारण बोलण्यानंही आकडा चढतो. मिनिटभरानं पुन्हा मोजता आणि दोन्ही आकडे वहीत लिहिता.

“त्या वहीचं मोल आम्हाला तळमजल्यावरच्या आजींमुळे कळलं. पहिल्यांदा त्यांचा रक्तदाब १५२/९४ आला. तुम्ही लगेच गोळी दिली नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजायला सांगितलंत, लोणचं-पापड कमी करायला लावलंत. घरचे आकडेही १३५/८५च्या वरच राहिले, पुढच्या रविवारी १४८/९२ भरला, तेव्हा गोळी सुरू केलीत. तीन महिन्यांनी १२८/८० झाला. मग ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आजींनी गोळी सोडली आणि पुढच्या खेपेला १६०. आजींना काहीच जाणवत नव्हतं. वहीतल्या एकाखाली एक ओळी दाखवून तुम्ही त्यांना समजावलंत, रागावला नाहीत.

“सर, मधुमेह असलेल्यांना तुम्ही डोळे मिटायला सांगून पावलांना नायलॉनचा बारीक दोरा टेकवता. आमच्यातल्या एका काकांना तो लागलाच नाही. चप्पल चावून झालेली जखमही त्यांना कळली नव्हती. ती तुम्ही पाहिलीत आणि त्याच दिवशी त्यांना पुढच्या उपचारांना पाठवलंत.”

आभारात शेजाऱ्यांसाठी दोन वाक्यं मुद्दाम घातली. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर रविवारची वाट पाहायची नाही, १०८ला फोन करायचा. आणि या दोघांच्या घरची बेल रात्री वाजवायची नाही. त्यांनाही झोप हवी.

शाल-श्रीफळ द्यावं असा काहींचा आग्रह होता. मी मॅडमना आधीच विचारलं. त्या म्हणाल्या, “मोठ्या मापाचा पट्टा द्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.”

वर्गणी काढून आम्ही तो पट्टा आणला. मॅडमनी तो तिथेच डब्यातून काढला आणि रांगेतल्या पहिल्या काकूंना पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं.