ब्रॉड स्ट्रीटचा पंप: नकाशा नंतर आला

लंडनच्या सोहो भागातली १८५४ सालची कॉलऱ्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगितली जाते: डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यू नकाशावर मांडला, खुणांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती दिसली, मग पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. यातली माणसं, जागा आणि साल खरं आहे. घटनांचा क्रम चुकीचा आहे. तो क्रम बदलला, की स्नो यांनी नेमकं काय केलं तेच दिसेनासं होतं.

कॉलरा पाण्यातून पसरतो, हे स्नो यांनी १८४९ मध्येच छापून मांडलं होतं. त्यामुळे ३१ ऑगस्टच्या रात्री सोहोत साथ उसळली, तेव्हा त्यांचा संशय पहिल्यापासून पाण्यावर होता. त्यांनी मृत्युनोंदणी कार्यालयातून ८३ मृत्यूंची यादी मिळवली आणि घरोघर जाऊन विचारलं, ‘पाणी कुठलं प्यायचात?’ जवळजवळ सगळी घरं त्याच पंपाच्या आसपासची होती. दुसरा पंप ज्यांना जवळ पडत होता, अशा दहा मृतांपैकी पाच जणांच्या घरी तरीही ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी येत असे.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते त्यांनी शोधलेले अपवाद. जवळच्याच वर्कहाउसमध्ये ५३५ निराधार माणसं राहत होती. भोवतालच्या घरांत माणसं पटापट मरत असताना तिथे फक्त पाच गेली. त्या संस्थेची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार बिअर पीत, पंपाकडे फिरकत नसत. त्यांच्यातलं कुणीच दगावलं नाही. उलट, कित्येक मैलांवरच्या हॅम्पस्टेडमध्ये, जिथे कॉलरा नव्हताच, एक विधवा बाई गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ते रोज गाडीवरून मागवलं जाई. दोष हवेत असता, तर तो वर्कहाउसला वगळून हॅम्पस्टेडला पोचला नसता.

घरोघरच्या चौकशीतून मिळालेला पुरावा घेऊन स्नो ७ सप्टेंबरला स्थानिक मंडळासमोर गेले आणि दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. नकाशा त्यांनी लोकांसमोर ठेवला तो डिसेंबरात. तो शोधाचं साधन नव्हता. आधी कळलेलं इतरांना पटवण्यासाठी होता.

दांडा काढल्याने साथ थांबली, हेही तसं खरं नाही. तोवर बहुतेक रहिवासी पळून गेले होते आणि मृत्यू आधीच उतरणीला लागले होते. स्नो यांनी स्वतः तसं लिहून ठेवलं आहे. पण म्हणून दांडा काढणं वाया गेलं, असं मुळीच नाही. पाण्याचा सिद्धान्त सुरुवातीला न पटलेल्या हेन्री व्हाइटहेड या तरुण धर्मगुरूने पुढे चौकशी केली, तेव्हा ४० नंबरच्या घरातलं तान्हं बाळ साथीच्या अगदी सुरुवातीला जुलाबाने आजारी पडल्याचं त्याला कळलं. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी आईने घरासमोरच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतलं होतं. खणून पाहिलं, तर खड्ड्याच्या विटा निखळलेल्या आणि विहीर जेमतेम तीन फुटांवर. याच बाळाचा बाप ८ सप्टेंबरला कॉलऱ्याने आजारी पडला. म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला, त्याच दिवशी खड्ड्यात पुन्हा विष पडायला सुरुवात होणार होती.

तिसरा समज असा, की स्नो यांचं म्हणणं पटलं म्हणून लंडनने गटारं बांधली. खरं तर गटारं बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांचा विश्वास होता दुर्गंधीने रोग होतो यावर. याच समजुतीतून १८४०च्या दशकात घरांखालचे मैल्याचे खड्डे थेट थेम्स नदीत रिकामे होऊ लागले, आणि त्याच नदीतून कंपन्या पिण्याचं पाणी उचलत होत्या. याचा परिणाम स्नो यांनी दक्षिण लंडनमध्ये मोजून दाखवला. तिथे एकाच गल्लीत शेजारच्या दोन घरांना दोन वेगळ्या कंपन्यांचं पाणी येई, आणि कोणतं कुठलं हे घरच्यांनाही अनेकदा ठाऊक नसे. स्नो पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून मीठ तपासत: साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या घाणेरड्या पाण्यात ते लँबेथ कंपनीच्या पाण्यापेक्षा जवळपास चाळीसपट निघे. लँबेथने आपला उपसा १८५२ मध्ये नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवला होता. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे पहिल्या कंपनीकडे ३१५ मृत्यू झाले, लँबेथकडे ३७.

एवढं होऊनही पार्लमेंट हललं ते १८५८च्या उन्हाळ्यात नदीचा वास असह्य झाल्यावर. जोसेफ बॅझलजेट यांच्या गटारांनी मैला नदीच्या प्रवाहात शहराच्या खूप खाली, पूर्वेला नेला. हेतू वास घालवण्याचा होता, पण पिण्याचं पाणीही त्यामुळे वाचलं. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला, तेव्हा त्याचा मोठा तडाखा बसला तो पूर्व लंडनला. तिथलं गटारांचं काम पुरं झालं नव्हतं आणि पाणीकंपनीने उघड्या तलावातलं न गाळलेलं पाणी सोडलं होतं. ते शोधून काढलं विल्यम फार यांनी. मृत्युनोंदीचे आकडे सांभाळणारे हे अधिकारी कधीकाळी हवेलाच दोष देत; आता त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. स्नो मात्र १८५८ मध्येच वारले होते.