काका दुकानात बोलतात, मग कॅमेऱ्यापुढे का अडतात?

वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका सुक्यामेव्याच्या दुकानाचा मिनिटभराचा व्हिडिओ करायचा आहे, असं समजू. मालकांनी कागद तयार ठेवलेला असतो : “आमच्या येथे उत्तम दर्जाचा सुकामेवा रास्त दरात उपलब्ध आहे.” काउंटरवर काजू तोलणाऱ्या काकांनी हे म्हणायचं. हे काका दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बोलत असतात, पण कॅमेरा लागला की हात शिवणीला आणि नजर छताला. तिसऱ्या टेकनंतर मालक म्हणतात, “ह्यांना नाही जमायचं, दुसरं कोणी बघू.” दुसरा येतो आणि त्याचंही तेच होतं, कारण कागद तोच असतो.

गैरसमज : वाक्य नीट पाठ करून घेतलं की माणूस अडखळत नाही.

अभिनेता पाठ केलेलं वाक्य आत्ताच सुचल्यासारखं म्हणू शकतो, कारण त्याने त्याचं शिक्षण घेतलेलं असतं. काकांनी ते घेतलेलं नाही. त्यांचं सगळं लक्ष पुढचा शब्द आठवण्यात जातं. ओळखायचं कसं? डोळे वर किंवा बाजूला सरकतात, सगळे शब्द एकाच सुरात येतात आणि वाक्य संपलं की चेहऱ्यावर सुटल्याची भावना दिसते. शिवाय “उपलब्ध आहे” ही कागदावरची भाषा. काउंटरवर कोणी तसं बोलत नाही.

म्हणून कागद बाजूला ठेवावा आणि काकांना असं काही विचारावं, ज्याचं उत्तर त्यांना झोपेतही येईल. काजूच्या दोन पेट्या पुढे ठेवून विचारा, “काका, ३२० नंबरचा काजू २४०पेक्षा मोठा ना?” प्रश्न मुद्दाम चुकीचा आहे. हयातभर काजू विकलेला माणूस चूक ऐकून गप्प बसत नाही. ते लगेच सांगतात : अहो, उलटं आहे. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती काजू बसतात त्याचा तो आकडा. आकडा जितका कमी, तितका दाणा मोठा. बोलता बोलता ते एक काजू मोडूनही दाखवतात, कारण सादळलेला काजू हाताला मऊ लागतो आणि ताजा कट्‌कन तुटतो. उत्तम दर्जाबद्दल मालकांना जे म्हणायचं होतं ते सगळं इथे आलं, आणि ऐकणाऱ्याला पटेल असं आलं.

यात एक अडचण मात्र येते. तुमचा प्रश्न व्हिडिओतून कापला जाणार, आणि “अहो, उलटं आहे” एवढंच उत्तर उरलं तर बघणाऱ्याला काहीच कळणार नाही. त्यासाठी “पूर्ण वाक्यात बोला” असं सांगितलं की पुन्हा शाळेतलं उत्तर येतं. त्याऐवजी थोड्या वेळाने एखाद्या पोऱ्याला शेजारी उभं करावं आणि म्हणावं, “काका, ह्याला काजूतलं काहीच कळत नाही, जरा पहिल्यापासून समजावा.” काका पहिल्यापासून सांगतात आणि संदर्भ आपसूक वाक्यात येतो.

पत्ता, फोन नंबर, सवलतीची तारीख या गोष्टी कोणाकडूनही वदवून घेऊ नयेत. त्या पडद्यावर अक्षरांत द्याव्यात.

गैरसमज : “रिलॅक्स व्हा, नॅचरल बोला” म्हटलं की माणूस मोकळा होतो.

उलट तो आणखी आखडतो. मोकळं व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते त्याला कळत नाही, आणि आपण आखडलोय हे सगळ्यांना दिसतंय एवढं मात्र कळतं. शरीराला सूचना देण्याऐवजी हातांना काम द्यावं. काकांना पेटीतले तुकडे वेगळे करायला किंवा पाव किलोची पाकिटं भरायला सांगावं. हात चालू असले की आवाजही रोजच्या वेगाला येतो. फक्त तराजूच्या पारड्यात काजू ओतताना आवाज माइकमध्ये चढतो, म्हणून ओतण्याचं काम बोलण्याच्या आधी किंवा नंतर ठेवावं. हातांचे जवळचे काही शॉट वेगळे घेऊन ठेवावेत. बोलण्यातला अडखळलेला भाग कापला की त्या जागी ते लावता येतात आणि जोड दिसत नाही.

कॅमेरा नाकासमोर आणू नये. दोन-अडीच मीटर मागे ठेवून झूम करावं आणि छोटा माइक कॉलरला लावावा. प्रश्न विचारणाऱ्याने लेन्सला अगदी खेटून, काकांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावं. काकांनी त्याच्याशी बोलायचं, लेन्सशी नाही. “ॲक्शन” असं ओरडूही नये. रेकॉर्डिंग आधीच चालू करून मालाच्या गप्पा काढाव्यात. सुरुवात कधी झाली हे त्यांना कळलंच नाही, तर उत्तम. व्हिडिओ होतोय आणि तो कुठे जाणार, हे मात्र त्यांना आधी सांगितलेलं असावं.

गैरसमज : जे सहज असतं ते पहिल्याच टेकमध्ये येतं.

हे अर्धंच खरं आहे. काजूसारखी माहिती पहिल्या-दुसऱ्या वेळीच जिवंत येते. चौथ्यांदा विचारलं की काका स्वतःच्याच वाक्यांची नक्कल करू लागतात. अशा वेळी प्रश्न बदलावा, तोच पुन्हा विचारू नये. पण प्रसंग लिहिलेलाच असेल तर हिशोब वेगळा. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात गीतांजली कुलकर्णींसारख्या प्रशिक्षित अभिनेत्रीबरोबर कितीतरी बिगर-अभिनेते होते. लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. तिथे कॅमेरा बहुधा लांब आणि स्थिर आहे, आणि टेक पुष्कळ घेतलेले आहेत. पुनरावृत्तीने तिथे दडपण झिजतं आणि वाक्य तोंडात बसतं. मात्र त्यासाठी महिनोन्‌महिन्यांची निवड आणि तालीम लागते. दुकानाच्या एका दुपारी ही पद्धत वापरू नये, माणूस फक्त थकतो.

गैरसमज : घरचं माणूस सगळ्यात सोपं.

नवी मुंबईतल्या मूळ गावठाणातल्या एखाद्या आगरी घरात नातू आजोबांचं बोलणं टिपायला बसतो. सिडकोची स्थापना १९७० सालची. त्यानंतर ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. त्याआधीची भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी आजोबांनी पाहिलेली आहे. नातू विचारतो आणि आजोबा म्हणतात, “तुला तर सगळं माहीतच आहे.” तिथेच गोष्ट संपते. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते कोणी उलगडून सांगत नाही. वरून बाजूला बसलेली सून किंवा मुलगा “बाबा, ते नव्हे, ते सांगा” म्हणत राहतो, आणि आजोबा प्रत्येक वाक्यानंतर त्यांच्याकडे बघतात. बाकीच्यांना आतल्या खोलीत पाठवावं आणि विचारायला नातवाचा मित्र बसवावा, शक्यतो भाताचं खाचर कधीच न पाहिलेला. त्याला समजावताना आजोबा खाचराचा बांध हातांनी हवेत आखून दाखवतात.

इथे आणखी एक गोष्ट घडते. कॅमेरा लागताच आजोबा आगरी सोडून पुस्तकी मराठीत शिरतात, कारण ‘टीव्हीवर नीट बोलायचं असतं’ हे त्यांच्या मनात पक्कं असतं. भाषा बदलली की आठवणीही आखूड होतात. मिठागरातल्या कामाचे, अवजारांचे, भरती-ओहोटीचे शब्द त्यांच्याकडे आगरीतच आहेत, त्यांना पुस्तकी प्रतिशब्द शोधत बसावं लागतं. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) अकलूजच्या रिंकू राजगुरूची आर्ची तिच्या भागातली बोली बोलते, आणि तरीही तो चित्रपट महाराष्ट्रभर चालला. म्हणून घरातल्या आगरी बोलणाऱ्या एखाद्या आत्याने आधी दहा मिनिटं आजोबांशी जुन्या गप्पा माराव्यात. रेकॉर्डिंग तेव्हापासूनच चालू ठेवावं आणि आजोबांची जीभ आगरीवर आली की नातवाच्या मित्राला पुढे बसवावं. त्याला एखादा शब्द कळला नाही तर तो विचारेल आणि आजोबा तो आपल्याच भाषेत फोडून सांगतील. तरीही बाहेरच्या प्रेक्षकाला अडेल असं काही उरलं, तर खाली उपशीर्षक द्यावं. आजोबांना तेच वाक्य ‘शुद्ध’ करून पुन्हा बोलायला लावू नये.