क्रिटा: कच्च्या रेघांवरून शाई आणि रंग

कच्च्या पेन्सिल-चित्रांच्या लेयरची अपारदर्शकता ३० टक्क्यांवर आणून तो लॉक करा. त्यावर शाईचा लेयर आणि शाईच्या खाली रंगाचा लेयर घ्या. सेकंदाला २४ फ्रेमच्या दृश्यात एक चित्र दोन फ्रेम टिकत असेल, तर सेकंदाला १२ चित्रं लागतात: ०, २, ४ अशा फ्रेमवर.

घोळ होतो तो इथेच. रंगाच्या लेयरवर चौथ्या फ्रेमला नवी रिकामी फ्रेम घातली नाही, तर तिथे ओतलेला रंग दुसऱ्या फ्रेमच्या चित्रात जातो आणि आधीचं काम बिघडतं. म्हणून शाईच्या लेयरवर जिथे फ्रेम, तिथे रंगाच्या लेयरवरही आधी नवी फ्रेम घालावी, मगच बादली उचलावी.

शाईच्या लेयरला रंगाचं लेबल द्या आणि बादलीला फक्त त्या लेबलचा लेयर पाहायला सांगा. पेन्सिलच्या रेघा मग आड येत नाहीत. Grow २ पिक्सेल ठेवलं की रंग रेघेखाली सरकतो आणि कडेची पांढरी किनार जाते. सगळा कॅनव्हास भरला, तर रेघेत फट आहे असं समजा. ती शाईनेच बुजवा.